डाळ मिलचा ना नफा ना तोटा बिंदू काढताना वीजबिलाची फोड कशी करावी

लातूर परिसरात शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून देणाऱ्या छोट्या डाळ मिल आहेत. महिन्याला किती क्विंटल माल भरडला म्हणजे पदरचे पैसे घालावे लागणार नाहीत, या प्रश्नाचे उत्तर काढताना चूक होते ती बहुधा वीजबिलापाशी, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे. उदाहरणातील आकडे समजण्याच्या सोयीसाठी धरलेले आहेत.

प्रथम सोपे खर्च वेगळे करावेत. मिल महिनाभर बंद राहिली तरी द्यावा लागतो तो स्थिर खर्च होय. शेडचे भाडे १२,०००, मिस्त्रीचा पगार १८,०००, यंत्रांचा घसारा ८,००० आणि विमा २,००० असे धरले, तर महिन्याचा स्थिर खर्च ४०,००० रुपये होतो. हमाली, तुरीला लावायचे तेल आणि बारदाना हे क्विंटलमागे वाढणारे, म्हणजे बदलते खर्च आहेत. ते क्विंटलला १५० रुपये धरू. भरडाईचा दर क्विंटलला ४०० रुपये आहे आणि चुनी-भुसा शेतकरीच परत नेतो, त्यामुळे त्याचे वेगळे उत्पन्न नाही.

आता वीजबिल पाहू. नव्या तुरीच्या हंगामात, जानेवारीत, ३०० क्विंटल भरडले तेव्हा बिल २१,००० रुपये आले आणि ऑगस्टमध्ये १०० क्विंटलला ११,००० रुपये आले. हे सगळे बिल बदलता खर्च मानले, तर जानेवारीत क्विंटलला ७० आणि ऑगस्टमध्ये ११० रुपये पडतात. जानेवारीच्या हिशोबाने ४०० रुपयांतून १५० आणि ७० वजा जाऊन क्विंटलमागे १८० रुपये उरतात; ४०,००० ला १८० ने भागले की ना नफा ना तोटा बिंदू सुमारे २२२ क्विंटल निघतो, तर ऑगस्टच्या हिशोबाने तोच २८६ क्विंटलवर जातो. मिल तीच, यंत्रे तीच, दरही तोच असताना दोन उत्तरे येतात, याचा अर्थ या खर्चात काही भाग स्थिर आणि काही बदलता आहे; अशा खर्चाला अर्धबदलता खर्च म्हणतात.

त्याची फोड करण्यासाठी सर्वाधिक आणि सर्वांत कमी काम झालेले महिने घ्यावेत. निवड भरडलेल्या क्विंटलवरून करावी, बिलाच्या रकमेवरून नव्हे, कारण थकबाकी जोडल्यामुळेही एखादे बिल फुगलेले असू शकते. दोन बिलांतील फरक १०,००० आणि कामातील फरक २०० क्विंटल, म्हणजे क्विंटलला ५० रुपये हा बदलता भाग झाला. ३०० क्विंटलचे १५,००० रुपये जानेवारीच्या बिलातून वजा केले की ६,००० रुपये उरतात, तो स्थिर भाग. बिलावर छापलेला ‘स्थिर आकार’ याहून कमी दिसला तर गोंधळू नये, कारण शेडमधले दिवे, पंखे आणि माल नसताना रिकामे फिरणारे यंत्र यांची वीजही कामाच्या प्रमाणात बदलत नाही.

ही फोड तिसऱ्या महिन्यावर तपासणे आवश्यक आहे. २०० क्विंटलच्या महिन्यात १६,००० रुपयांच्या जवळपास बिल यायला हवे. ते फार वेगळे आले, तर आधी रीडिंगच्या तारखा पाहाव्यात: बिल १२ तारखेपासून १२ तारखेपर्यंतचे आणि मिलची वही १ ते ३० ची असेल, तर दोन वेगळ्या काळांची सांगड घातली जाते. त्यानंतर मध्येच वीजदर बदलला होता का, हे पाहावे.

आता स्थिर खर्च ४६,००० आणि बदलता खर्च क्विंटलला २०० रुपये झाला. ४०० रुपयांतून २०० वजा जाऊन प्रत्येक क्विंटलमागे स्थिर खर्च भागवायला २०० रुपये उरतात. ४६,००० ला २०० ने भागले की २३० क्विंटल हे उत्तर मिळते. मात्र ऑगस्टसारख्या महिन्यात ते गाठले जाणार नाही, म्हणून डाळीच्या धंद्यात वर्षाचा आकडा धरणे माझ्या मते अधिक योग्य ठरते, आणि तो २,७६० क्विंटल येतो.

हा हिशोब १०० ते ३०० क्विंटलच्या टप्प्यापुरताच खरा आहे, कारण आपण फोड त्याच टप्प्यावरून केली. ३०० च्या पुढे दुसऱ्या पाळीसाठी १२,००० रुपये पगाराचा आणखी एक मिस्त्री लागत असेल, तर स्थिर खर्च एका उडीत ५८,००० होतो आणि बिंदू २९० वर सरकतो. ३०० क्विंटलला मिळणारा १४,००० रुपयांचा नफा ३१० क्विंटलला ४,००० वर येतो, आणि पुन्हा १४,००० मिळायला ३६० क्विंटल भरडावे लागतात. त्यामुळे ३२०-३३० क्विंटलचेच काम दिसत असेल, तर नवा माणूस ठेवण्यापेक्षा वरचा माल पुढच्या महिन्यावर ढकलणे परवडते, अर्थात शेतकरी थांबायला तयार असेल तर.