कढीपत्त्याने शिकवलेली पोस्ट

कुंडीतल्या बागेवर मी दर रविवारी ईमेलने वार्तापत्र पाठवते. त्याच्या जाहिरातीची फेसबुक पोस्ट अशी असायची: ‘नवा अंक आला! कढीपत्ता, खतं, पाणी आणि बरंच काही. नक्की वाचा.’ लाइक यायचे, लिंक मात्र कोणी उघडत नसे. उघडून काय हाती लागणार, हेच त्यात नव्हतं.

मग मी ‘कढीपत्ता का मरतो? कारण वाचून थक्क व्हाल!’ असं लिहून पाहिलं. मलाच लाज वाटली.

शेवटी अंकातला एकच मुद्दा उचलला: ‘कढीपत्त्याची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या? बहुधा लोह कमी पडतंय. नुसतं शेणखत वाढवून भागणार नाही. दहा इंची कुंडीला काय, किती आणि कधी द्यायचं, ते इथे.’ झाडाला काय झालंय ते पोस्टमध्येच सांगून टाकलं, प्रमाण लिंकमागे ठेवलं. ज्याच्या गॅलरीत तसं झाड आहे, त्याला पुढचा प्रश्न आपोआप पडतो.

‘आणखी पहा’च्या आड जाऊ नये म्हणून लक्षण पहिल्याच ओळीत घेतलं. अंकातही तो भाग सर्वांत वर आणला. आधी तो माझ्या सहलीच्या फोटोंखाली होता!

पुढच्या रविवारी पहिली कॉमेंट आली: ‘ताई, कुंडी बारा इंची असेल तर?’