स्थळाला नकार द्यायचाय? गप्प बसण्याआधी या चुका टाळा

विवाह संस्थेच्या साइटवर ओळख झाली, घरी कांदेपोहे झाले, मग दोघंच बाहेर भेटलात. रोज थोडं व्हॉट्सॲपवर बोलणं सुरू झालं आणि तीन आठवड्यांनी लक्षात आलं की माणूस चांगला आहे, पण आपल्याला हवं ते आयुष्य वेगळं आहे. अशा वेळी बरेच जण हळूहळू उत्तर देणं बंद करतात. भांडण नको, कुणाला दुखवायला नको, असा हेतू असतो. पण पलीकडचा माणूस रोज फोन उघडून बघतो, घरचे विचारतात "काय म्हणाली रे ती?", आणि तोवर दुसरं एखादं स्थळ थांबवून ठेवलेलं असतं. गप्प बसण्याची किंमत त्यांना मोजावी लागते.

पुढचं सगळं एका उदाहरणावरून बघू. समजा, मुलगी पुण्याची, आईबाबांची एकुलती एक. मुलगा नाशिकचा, त्याची कॅनडाच्या पीआरची तयारी चालू आहे आणि दोन वर्षांत तिकडे स्थायिक व्हायचं त्याचं ठरलंय. दुसऱ्या भेटीत हे स्पष्ट झालं. तिला पुणे सोडायचं नाही.

सगळ्यात मोठी चूक: सुटणारं कारण देणं

आपल्याकडे नकाराचं ठरलेलं वाक्य आहे, "पत्रिका जुळत नाही." ऐकायला सौम्य आहे, पण त्यामुळे विषय संपत नाही. समोरच्यांना खरंच स्थळ आवडलं असेल तर ते दुसऱ्या गुरुजींकडे जातात, मंगळ सौम्य असल्याचं लिहून आणतात आणि परत फोन करतात. आता तुमच्याकडे दुसरं कारण हवं. "सध्या कामाचा फार लोड आहे" म्हटलं तर "काही घाई नाही, दिवाळीनंतर बोलू" असं उत्तर येतं. "अजून लग्नाचा विचार पक्का नाही" म्हटलं तर तो वाट बघायला तयार होतो, आणि चार महिन्यांनी तुमच्या साखरपुड्याचे फोटो त्याला दिसतात. नकारापेक्षा हे जास्त लागतं, कारण आपल्याला फसवलं असं वाटतं.

खरं कारण द्या, पण एकच आणि फक्त तुमच्या इच्छेबद्दलचं. माणसाच्या स्वभावाची, बोलण्याची, पगाराची, दिसण्याची यादी देऊ नका. त्याने विचारली तरीही नको. दोन भेटींच्या ओळखीत तो अधिकार आपल्याला मिळालेला नसतो.

आमच्या उदाहरणातली मुलगी असं लिहू शकेल:

"नमस्कार. रविवारी आपण बोललो त्यावर मी नीट विचार केला. तुम्हाला दोन वर्षांत कॅनडात स्थायिक व्हायचंय आणि मला आईबाबांच्या जवळ पुण्यातच राहायचंय. यात कुणाचं चूक नाही, पण माझ्या बाजूने हे बदलणार नाही, म्हणून मी पुढे जाणार नाहीये. आई आज रात्री तुमच्या घरी फोन करेल, त्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं असं वाटलं. तुमच्याशी मोकळेपणाने बोलता आलं, त्याबद्दल मनापासून आभार."

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "मी पुढे जाणार नाहीये" हे आहे. बहुतेक निरोपांमधून नेमकं तेच गळतं. "मला थोडं कठीण वाटतंय" किंवा "बघू या कसं होतं ते" असं लिहिलं की वाचणारा त्यात होकाराची फट शोधतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही शोधली असती.

निरोप कुणी आणि कधी द्यायचा

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सगळं आईवर सोपवणं. स्थळ घरच्यांमार्फत आलंय म्हणून नकारही त्यांच्यामार्फत जावा, हे बरोबरच आहे. पण तुम्ही दोघं रोज थेट बोलत असाल, तर वडिलांनी जेवताना "अरे, त्यांचा नकार आला" असं सांगणं त्या मुलासाठी अपमानाचं ठरतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी स्वतःच्या घरी सांगा आणि तिथली वादावादी पूर्ण होऊ द्या. घरचे "परत एकदा भेटून तर बघ" म्हणत असताना पाठवलेला नकार दोन दिवसांनी मागे घ्यावा लागतो. घरचं पक्कं झालं की संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर त्याला कळवा. त्याच रात्री मोठ्यांनी मोठ्यांना फोन करावा, आणि दोन्हीकडे कारण तेच सांगावं. तुम्ही कॅनडा म्हणालात आणि आई पत्रिका म्हणाली, तर दोन्ही खोटं वाटतं. मध्ये कुणी मावशी किंवा मध्यस्थ असतील तर त्यांनाही त्याच दिवशी सांगा.

एक-दोन भेटी झाल्या असतील तर मेसेज पुरेसा आहे. महिनाभर रोज रात्री फोनवर बोलत असाल तर फोनच करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि "आता गणपती आहेत", "पितृपक्षात कशाला", "त्याचं अप्रायझल होऊ दे" असं करत बसू नका. घरचं ठरल्यावर एक-दोन दिवसांच्या आत सांगा.

उत्तर आलं की काय बिघडतं

तो लिहील, "कॅनडाचं अजून कुठे नक्की आहे? आपण पुण्याचाही विचार करू शकतो." इथे दया येते आणि बोलणं पुन्हा सुरू होतं. पण तीन आठवड्यांच्या ओळखीसाठी कुणी कित्येक वर्षांचं ठरवलेलं सोडलं, तर ते ओझं पुढे दोघांच्याही डोक्यावर राहतं. एकदाच उत्तर द्या: "तुम्ही असं म्हणालात हे मोठं मन आहे, पण तुम्ही माझ्यासाठी तुमचं ठरलेलं बदलावं असं मला वाटत नाही. माझा निर्णय तोच आहे." त्यानंतर पुन्हा तोच विषय आला तर उत्तर न देणं चालतं, कारण आता त्याला सगळं माहीत आहे.

नकारानंतर त्याच्या स्टेटसला हार्ट पाठवणं, "जेवलात का?" असं विचारणं बंद करा. बायोडेटा, पत्रिका, फोटो फोनमधून काढून टाका आणि तसं कळवा. मुलींच्या घरच्यांना या एका वाक्याने फार हायसं वाटतं. साइटवरची त्याची रिक्वेस्टही डिक्लाइन करा, नाहीतर तिथे ती तशीच पेंडिंग दिसत राहते.

हे सगळं सरळ वागणाऱ्या माणसासाठी आहे. समोरचा शिवीगाळ करत असेल, खासगी फोटो मागत असेल, घराबाहेर येऊन उभा राहत असेल, तर निरोपाचं कुठलंही बंधन तुमच्यावर नाही. स्क्रीनशॉट ठेवा, घरी सांगा, ब्लॉक करा. पैसे उकळले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आणि गप्प राहून आधीच दहा-पंधरा दिवस झाले असतील तर? तरीही कळवा. आजारपण, प्रवास असल्या सबबी रचू नका. "मी उत्तर द्यायला उशीर केला, ते बरोबर नव्हतं. मी पुढे जाणार नाहीये, कारण मला पुण्यातच राहायचंय" एवढं पुरे. त्याने रागाने काही लिहिलं तर "तुमचं बरोबर आहे" म्हणा आणि तिथे थांबा.