आधी नॉईज काढा, धार शेवटी लावा

खासबाग मैदानात संध्याकाळी काढलेला कुस्तीचा फोटो घ्या. ISO 6400, रुंदी 6000 पिक्सेल, आणि तुम्हाला त्यातले फक्त दोन पैलवान 10 इंच रुंद प्रिंटवर हवेत.

पहिलं काम डिनॉईज, तेही मूळ रॉ फाईलवर. तिथे नॉईजचा दाणा पिक्सेलएवढा बारीक असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला तो ओळखता येतो. मोठं केल्यावर हाच दाणा पसरून ठिपका होतो. मग अंगावर चिकटलेली तांबडी माती कुठली आणि नॉईज कुठला, हे सॉफ्टवेअरला कळत नाही आणि मातीही पुसली जाते.

मग क्रॉप करा. समजा 1500 पिक्सेल उरले, तर ते दुप्पट करून 3000 करा, म्हणजे 300 ppi ला बरोबर 10 इंच. शार्पन त्यानंतरच. आधी केलंत तर खांद्याच्या कडेला आलेली पांढरी रेघ मोठं करताना दुप्पट जाड होते, आणि ती काही केल्या निघत नाही. लाइटरूम रॉ फाईलला मुळातच Sharpening 40 लावतं. फाईल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी करणार असाल तर ते 0 करून TIFF काढा. लाइटरूमच्या आत मात्र स्लायडर कुठल्याही क्रमाने हलवा, चालतं. लाइटरूम आपला क्रम स्वतःच लावतं.

100% झूमवर पैलवानामागचा अंधार बघा. तिथे ठिपके उठले असतील तर शार्पनिंगमधलं Masking वाढवा.