दुकान किंवा दवाखान्यासाठी जागा भाड्याने घेताय? नमुना ८ वर भागवू नका, मंजूर नकाशा मागा

मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाच्यासाठी जागा पाहत होतो, बीएएमएस झालेला पोरगा, यवतमाळ जिल्ह्यातलं आठवडी बाजाराचं मोठं गाव, बसस्टॉपच्या समोर दोन मजली बिल्डिंग, वरच्या मजल्यावर तीन रूम. भाडं ९ हजार, डिपॉझिट ५० हजार. मालक चांगला माणूस, चहा पाजला आणि फाईल समोर ठेवली, त्यात ग्रामपंचायतचा नमुना ८, टॅक्सची पावती, लाईट बिल आणि एक लाल शिक्क्याचं "फायर सर्टिफिकेट". म्हणे, "घ्या डॉक्टर, सगळे कागद हायेत, वीस वर्षांपासून बिल्डिंग उभी हाये, काई होत नाही." भाचा तर तिथंच टोकन द्यायला निघाला होता.

त्या चार कागदांपैकी एकही कागद बिल्डिंग कायदेशीर आहे किंवा आगीपासून सुरक्षित आहे असं सांगत नव्हता. आता कोणता कागद काय सांगतो आणि कोणत्या क्रमाने मागायचा ते सांगतो, कारण क्रम चुकला की तुम्ही फर्निचर करून बसता आणि मग कागद शोधत फिरता.

१. आधी नमुना ८ चा घोळ समजून घ्या

ग्रामपंचायतचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंद. घर आहे, एवढ्या फुटाचं आहे, अमक्याच्या नावावर टॅक्स लागतो, बस. बांधकाम परवानगी घेऊन बांधलं की बिनपरवानगी, हे त्याच्यातून कळत नाही, कारण टॅक्स दोन्हीवर लागतो. लाईट बिलाचंही तेच. आणि हो, पटवाऱ्याकडचा ८-अ हा वेगळा कागद आहे, तो जमिनीच्या खात्याचा उतारा, पुष्कळ लोक दोन्ही एकच समजतात आणि "आठ-अ आहे न" म्हणून गप्प बसतात.

मग मागायचं काय? जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतने दिलेली बांधकाम परवानगी आणि तिच्यासोबतचा मंजूर नकाशा. गावठाणाबाहेर लेआउटमध्ये असेल तर आधी अकृषक आदेश पाहा, त्यात वापर "निवासी" लिहिलाय की "वाणिज्यिक" हे वाचा, आणि मग जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची बांधकाम मंजुरी. गावाची नगरपंचायत झाली असेल तर आता परवानगी नगरपंचायत देते, पण जुन्या बिल्डिंगला तेव्हाच्या ग्रामपंचायतची परवानगी असू शकते, म्हणून तारीख बघूनच कोणाकडे चौकशी करायची ते ठरवा.

२. नकाशा हातात आला की टेप घेऊन जा

हीच पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच आहे. नकाशावर शिक्का आहे एवढं पाहून खूश होऊ नका. शिक्क्याजवळ जावक नंबर आणि तारीख असते, तोच नंबर परवानगीच्या पत्रावर पाहिजे. पत्र नसेल आणि नुसता शिक्क्याचा नकाशा असेल तर अर्धाच कागद आहे असं समजा, कारण अटी पत्रात असतात.

मालकाने आम्हाला दोन दिवसांनी नकाशा आणून दिला, घरातल्या पेटीतून काढला म्हणे. आम्ही १०० फुटी टेप घेऊन गेलो. नकाशात तळमजलाच होता, वरचा मजला नव्हताच! वापर लिहिलेला "निवासी". समोर १० फूट मोकळी जागा सोडलेली दाखवलेली, प्रत्यक्षात तिथं दोन शटर उभे होते, हद्दीच्या दगडाला टेकून. जिना नकाशात मागून होता, बांधला बाजूने, अडीच फुटाचा, आणि जिन्याखाली मीटर बोर्ड, त्याच्या खालीच भाडेकरूंच्या गाड्या. म्हणजे खाली शॉर्टसर्किट झालं तर वरच्या पेशंटला उतरायचा एकुलता एक रस्ता आधी धुराने भरणार. वर खिडक्यांना तर जाळ्या वेल्डिंग केलेल्या.

तुम्ही जाल तेव्हा एवढंच ताडून पाहा: मजले किती, तुमची रूम नकाशात आहे का, तिच्यावर वापर काय लिहिलाय, समोरची-बाजूची मोकळी जागा शिल्लक आहे का आणि जिना नकाशातल्याच जागी, तेवढाच रुंद आहे का. इंजिनिअर नसलात तरी अर्ध्या तासात होते. इंच-दोन इंचाचा फरक सोडून द्या, अख्खा मजला जास्तीचा निघाला तर सोडू नका.

तारखेकडेही लक्ष द्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना कायदा, १९६६ खाली मिळालेली परवानगी एक वर्ष चालते, वाढवून वाढवून आणखी तीन वर्षं. त्यामुळे २०१० ची परवानगी दाखवून २०१९ ला बांधलेला मजला झाकता येत नाही.

जागा हायवेला लागून असेल तर रोडच्या मध्यापासूनची बिल्डिंग लाईन बांधकाम विभागात विचारून घ्या, रुंदीकरण आलं की पहिले पुढचे शटर जातात.

३. पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र

परवानगी म्हणजे "बांधा". भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे "नकाशाप्रमाणे बांधलं, आता वापरा". खेड्यात हे बहुतेकांनी काढलेलंच नसतं, हे मला मान्य आहे, आणि फक्त ते नाही म्हणून सगळ्या गावातल्या जागा नाकारल्या तर झाडाखाली दवाखाना टाकावा लागेल. पण ते नसेल तर नकाशाची मोजणी दुप्पट काळजीने करा, आणि मालकाला काढून द्यायला सांगा. नकाशाबाहेर बांधलं असेल तर त्याला ते सहज मिळणार नाही, मग तो टाळाटाळ करून राहिला की तुम्हाला उत्तर आपोआप कळतं.

४. आता तो लाल शिक्क्याचा फायरचा कागद

आमच्या फाईलमधलं "फायर सर्टिफिकेट" नीट वाचलं तर ते सिलिंडर रिफिल करणाऱ्या दुकानाची पावतीच होती, दोन अग्निशामक सिलिंडर भरले, एक वर्ष वॉरंटी, खाली शिक्का. मालक खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तेच सर्टिफिकेट वाटत होतं.

खरा हिशोब असा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मध्ये दोन फॉर्म येतात. फॉर्म ए म्हणजे आगीची यंत्रणा नियमाप्रमाणे बसवली असं प्रमाणपत्र. फॉर्म बी म्हणजे ती चालू स्थितीत आहे असं, आणि हे वर्षातून दोनदा द्यावं लागते, जानेवारीत आणि जुलैत. दोन्ही फक्त लायसन्स असलेली एजन्सी देऊ शकते, हे लायसन्स महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय देते. म्हणून कागदावर एजन्सीचा लायसन्स नंबर आणि त्याची मुदत शोधा. नंबर नाही तर ती पावतीच. नुकत्याच गेलेल्या जानेवारीचा किंवा जुलैचा फॉर्म बी नसेल तर फॉर्म ए कितीही सुंदर लॅमिनेट केलेला असो, यंत्रणा आज चालते की नाही ते त्याच्यातून कळत नाही.

फायर एनओसी हा आणखी वेगळा कागद, तो अग्निशमन अधिकाऱ्याकडून येतो. बांधकामाआधीची ती तात्पुरती, बांधून तपासणी झाल्यावरची अंतिम. मालक बरेचदा तात्पुरतीच दाखवतात, तिच्यावर अटींची लांब यादी असते, त्या अटी पूर्ण झाल्या की नाही हे अंतिममध्येच कळते. प्रत्येक लहान गाळ्याला वेगळी एनओसी असतेच असं नाही, उंची, क्षेत्रफळ आणि वापरावर ते ठरते, म्हणून "लागत नाही" असं मालक म्हणाला तर जवळच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात लेखी विचारा.

आणि या कायद्यात जबाबदारी फक्त मालकाची नाही, मालक किंवा भोगवटादार असं लिहिलंय. भोगवटादार म्हणजे शटर उघडून बसलेले तुम्ही.

५. दवाखानावाल्यांनो, सलाईनच्या खाटांचं काय?

नुसती ओपीडी आणि पेशंट भरती करणं यात फरक आहे. आपल्याकडे काय होते, डॉक्टर ओपीडी म्हणून जागा घेतो, सहा महिन्यांनी सलाईनसाठी दोन खाटा, मग चार, मग रात्री एखादा पेशंट ठेवून घेतला. पेशंट ठेवून उपचार सुरू झाले की महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ ची नोंदणी येते आणि तिथं फायरचे कागद मागतात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली, तेव्हापासून हे कागद जास्तच बारकाईने पाहतात. पडलेला पेशंट स्वतः पळू शकत नाही, म्हणून खाटा ठेवायच्या असतील तर मालकाला आजच सांगा आणि वरचा मजला घेऊच नका. हे माझं मत, पण पक्कं.

६. मालक कागद देत नसेल तर

माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करा, १० रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, ग्रामपंचायतच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने. मालमत्ता क्रमांक लिहा आणि "बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा व पूर्णत्व प्रमाणपत्राची प्रत" एवढंच मागा, का पाहिजे ते लिहायची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. "अभिलेख उपलब्ध नाही" असं आलं तरी कामाचं आहे, कारण मग मालकाकडचा नकाशा कुठून आला हे विचारता येते.

७. टोकन आणि करार

टोकन देताना चिठ्ठीवर लिहून घ्या की अमुक तारखेपर्यंत मंजूर नकाशा, पूर्णत्व प्रमाणपत्र आणि लागू असेल तर फॉर्म ए, फॉर्म बी मिळाले नाही तर टोकन परत. भाडं ताबा मिळाल्यापासून नाही, कागद मिळाल्यापासून सुरू. करार रजिस्टर करा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जिथं लागू आहे तिथं त्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. करारात वापर स्पष्ट लिहा, "दवाखाना", नुसतं "व्यवसाय" नको, आणि बिनपरवानगी बांधकामाची नोटीस आली तर डिपॉझिट किती दिवसांत परत ते पण लिहा.

आमचं काय झालं? मालकाला नकाशा आणि टेप दोन्ही दाखवले, तो थोडा रागावला, मग म्हणाला, "मले तर कोणी आजपर्यंत मोजून नाही दाखवलं." भाच्याने बाजाराच्या मागे तळमजल्याची जागा घेतली, वाणिज्यिक मंजुरीची, भाडं ११ हजार, शटरशिवाय मागून दुसरं दार. नकाशात ते दार होतं, बांधलेलं पण होतं, फक्त मालकाने त्याच्यासमोर तुरीची पोती रचून ठेवली होती. ती आम्ही पहिल्याच दिवशी हलवायला लावली.