डाळमिलचा सर्व्हे करताय? या चुका टाळा

यवतमाळ-वाशीमकडच्या एखाद्या बचत गटाला मिनी डाळमिल टाकायची आहे, असं धरू. प्रकल्प अहवालात बाजारपेठेचं पान लागतं, म्हणून सर्व्हे होतो. त्यातला नेहमीचा प्रश्न असतो, "गावात डाळमिल झाली तर तूर इथंच आणाल ना?" यावर नाही कोण म्हणेल? विचारणारी ताई रोज भेटणारी, तिचं मन कोण मोडणार! अशा सर्व्हेत नव्वद टक्के होकार आले तरी ते कर्जाचा हप्ता भरत नाहीत.

"कराल का" सोडा, "काय केलं" ते विचारा. मागच्या हंगामात घरच्या तुरीची डाळ कुठं करून आणली? किती किलो तूर नेली? किलोमागे किती पैसे दिले? जाण्यायेण्याचा खर्च? एका प्रश्नात एकच गोष्ट ठेवा. "दर आणि डाळ चांगली वाटते का?" याला हो म्हटलं, तर ते नेमकं कशाला ते कळत नाही. मिलचा विषय शेवटी काढा, आणि जमल्यास शेजारच्या गावच्या गटातल्या बाईला विचारायला पाठवा.

दुसरी चूक म्हणजे आठवडी बाजारात किंवा पारावर फॉर्म भरून घेणं. पारावर पुरुषच भेटतात. वर्षाची डाळ किती लागते, हे बहुधा घरातल्या बाईलाच ठाऊक. त्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरून घरांची यादी घ्या. 600 घरं असतील तर 1 ते 6 मधला एक आकडा चिठ्ठीनं काढा आणि तिथून दर सहावं घर घ्या, म्हणजे 100 घरं होतात. कुलूप दिसलं म्हणून शेजारच्या घरी शिरू नका. ती माणसं मजुरीला गेलेली असतात, आणि दुकानातून पाव-अर्धा किलो डाळ घेणारी घरं बरीचशी हीच. संध्याकाळी परत जा.

शंभर घरं पुरतात का? गावापुरत्या अंदाजाला पुरतात, फक्त उत्तर दहा टक्के इकडेतिकडे धरायचं. चूक पाच टक्क्यांवर आणायची तर मोठ्या लोकसंख्येत साधारण 384 घरं लागतात; 600 घरांच्या गावातही 235 च्या आसपास. एवढी पायपीट पहिल्या अहवालासाठी मला तरी जास्त वाटते.

समजा, 100 पैकी 40 घरं तूर बाहेर नेतात. म्हणजे गावात 30 ते 50 टक्के, 180 ते 300 घरं. घरटी सरासरी 40 किलो निघाली, तर काम 72 ते 120 क्विंटलचं. हप्ता, वीजबिल आणि मजुरीचा हिशेब 72 वर मांडा. सरासरी काढताना फॉर्म मात्र एकदा डोळ्याखालून घाला. एकाच मोठ्या शेतकऱ्याचे पाच क्विंटल असले तर सरासरी फुगते. त्याला वेगळा दाखवा.

आणि छपाईआधी पाच-सहा घरी प्रश्न विचारून पाहा. "किती तूर" म्हटल्यावर कुणी पोती सांगतं, कुणी किलो.