रात्रीचं डू नॉट डिस्टर्ब लावण्याआधी

सेटिंग उघडण्याआधी कागदावर लिहून काढा, की झोपेच्या वेळात फोन कुणासाठी आणि कशासाठी वाजलाच पाहिजे. माझं शेड्यूल रात्री साडेदहा ते सकाळी सात. माझ्या कागदावर तीनच गोष्टी होत्या: साताऱ्याला एकटे राहणारे बाबा, कुणाचीही खरीखुरी अडचण, आणि पहाटे साडेचारचा अलार्म. सोसायटीत पाणी पावणेपाचला येतं आणि मोटर लावायची पाळी या महिन्यात माझी आहे.

आता अँड्रॉइड फोनवर Settings मधून Do Not Disturb मध्ये जा. काही नव्या फोनवर ते Modes नावाच्या पानात सापडतं, आणि कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात. कॉलच्या भागात Allow repeat callers चालू करा. त्याचा अर्थ असा, की एकाच व्यक्तीचा दुसरा कॉल पहिल्यानंतर पंधरा मिनिटांच्या आत आला तर तो वाजतो. पहिला मात्र मुकाट्याने मिस्ड कॉलमध्ये जातो. दोन वाजता एक आणि सव्वादोन उलटून गेल्यावर दुसरा, असं झालं तर दोन्ही गप्प. भाऊ एकदा आणि वहिनी एकदा आपापल्या फोनवरून, हेही चालत नाही. मेसेज कितीही आले तरी या सवलतीत ते बसत नाहीत. शिवाय इथे ओळखीचा-अनोळखी हा भेद नाही, त्यामुळे पत्ता न सापडणाऱ्या कॅबवाल्यानेही लागोपाठ दोनदा लावला तर तुम्ही जागे होणार. मला ते चालतं.

या सवलतीवर सगळी भिस्त ठेवायच्या आधी घरच्यांच्या सवयी आठवा. मी बाबांना विचारलं, तर म्हणाले, “एकदा लावतो. नाही उचललास तर झोपला असशील म्हणून ठेवून देतो.” म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं, ते दुसरा कॉल करणारच नाहीत! म्हणून बाबांचा नंबर काँटॅक्टमध्ये स्टार करून घ्या आणि कॉलच्या परवानगीत Starred contacts निवडा. मग त्यांचा पहिलाच कॉल वाजतो. बाकीच्यांना एवढंच सांगून ठेवा, की अडचण असेल तर लगेच पुन्हा लाव. तिथे कॉल Anyone वर ठेवलेत तर सगळेच वाजतात आणि दुसऱ्या कॉलच्या सवलतीला अर्थ उरत नाही.

आता अलार्म. इथे दोन वेगळी बटणं आहेत आणि लोक त्यांचा घोळ घालतात, मीही घातला. अपवादांच्या यादीतलं Alarms हे बटण अलार्म वाजू द्यायचा की नाही ते ठरवतं, ते चालूच ठेवा. शेड्यूलच्या आत असलेलं Alarm can override end time हे बटण वेगळं आहे: अलार्म वाजला की शेड्यूल तिथेच संपवायचं का, एवढंच ते पाहतं. अलार्म वाजणार नाही या भीतीने मी ते चालू ठेवलं होतं. साडेचारला अलार्म वाजला, मोटर लावली, पाचला परत अंथरुणात शिरलो आणि थोड्याच वेळात सोसायटीच्या ग्रुपवर शुभ प्रभातचे फोटो टणाटण वाजायला लागले. साडेचारलाच शेड्यूल संपलं होतं, आणि एकदा असं संपलेलं शेड्यूल त्या रात्री परत सुरू होत नाही, ते थेट दुसऱ्या रात्री साडेदहाला. अलार्मनंतर उठूनच बसणाऱ्यांना ते बटण सोयीचं, पण पुन्हा झोपणाऱ्याने बंद करावं. अलार्म तरीही वाजतो.

आवाजाच्या पट्ट्या तपासा. डू नॉट डिस्टर्बने कॉलला वाट दिली तरी रिंगटोन शून्यावर किंवा फोन व्हायब्रेटवर असेल तर बाबांचा कॉल ऐकू येणार नाही. ऑफिसातून आल्यावर हे हमखास विसरतं. अलार्मची पट्टी वेगळी असते, तीही खाली नाही ना ते बघून घ्या. काही फोनवर प्रत्येक शेड्यूलला स्वतःचे वेगळे अपवाद देता येतात. तसे दिले असतील तर मुख्य पानावरचे बदल त्या शेड्यूलला लागत नाहीत, म्हणून शेड्यूल उघडूनच पाहा.

शेवटी चाचणी. शेड्यूल दोन मिनिटांनी सुरू होईल असं लावा आणि स्टार न केलेल्या नंबरवरून कॉल करायला सांगा. पहिला गप्प राहिला आणि लगेचचा दुसरा वाजला, तर जमलं. पहिलाच वाजला तर त्या नंबरवरून गेल्या पंधरा मिनिटांत कॉल आला होता का ते आधी पाहा. माझ्या बायकोने त्याच्या जरा आधीच दूध आणायचं सांगायला फोन केला होता, आणि मी अर्धा तास सेटिंगमध्ये चूक शोधत बसलो.