वाळवीचे काम देण्याआधी करारातील एक ओळ

वाळवीसाठी पाच वर्षांची वॉरंटी मिळते म्हणून आपण निश्चिंत होतो; पण करारात बहुधा फक्त पुन्हा औषध मारून देण्याची हमी असते, पोखरलेल्या चौकटीची भरपाई नसते.

१. कंपनीकडे कीटकनाशक कायद्याखालील कृषी विभागाचा परवाना मागावा आणि त्यावरील नाव, पत्ता व मुदत कराराशी जुळवून पाहावी. दुकानाचा गुमास्ता परवाना म्हणजे हा परवाना नव्हे.

२. औषधाचे नाव आणि पद्धत करारात लिहून घ्यावी: भिंत व फरशीच्या सांध्यावर दर ३०० मिलिमीटरला १२ मिलिमीटरचे छिद्र, प्रत्येकी जास्तीत जास्त एक लिटर द्रावण. नुसती वरवरची फवारणी जमिनीतील वाळवीला पुरत नाही. फरशी बदलल्यास किंवा नळ गळल्यास वॉरंटी रद्द होते का, तेही विचारावे.

३. मातीच्या वाटा पाहणीपूर्वी झाडून टाकू नयेत, कारण वाळवीचा माग त्यांवरूनच लागतो. कपाटे भिंतीपासून सरकवावीत, आणि भिंतीतील नळ व वायरिंग कुठून गेले आहे ते खडूने आखून द्यावे.

सोलापुरात पाणी रोज येत नसल्याने घरोघरी पिंपे भरलेली असतात. ती काम सुरू होण्यापूर्वी घट्ट झाकून दुसऱ्या खोलीत हलवावीत.